अकराव्या प्रकरणाचा टाइप

चांद्याच्या छापखान्यात लटारूनं बावीस वर्षं खिळे जुळवले आणि त्या बावीस वर्षांत एकही पुस्तक जुळवलं नाही. लग्नपत्रिका जुळवल्या, जंगल खात्याच्या लिलावाच्या नोटिसा जुळवल्या, नाटकांची हँडबिलं जुळवली, विड्यांच्या बंडलावरची लेबलं तर हजारांनी. उलटी अक्षरं तो सुलटी असल्यासारखी वाचायचा. गावात कोणाचं लग्न कोणाशी ठरलं हे वऱ्हाडाआधी त्याला कळायचं. पण पाठकोरे कागद छापून माणसाचं समाधान होत नाही. पुस्तक म्हणजे पुस्तक. त्याला पाठ असते, पोट असतं. आपण मेल्यावर आपल्या हातचं असं काहीतरी कुठल्यातरी फडताळात राहावं, एवढी एकच हौस त्या माणसाला होती, आणि ती तो कोणाला बोलून दाखवत नसे.

पंचावन्न सालच्या श्रावणात सावली गावचे दादाजी मास्तर छापखान्यात आले. बगलेत फडक्यात बांधलेला गठ्ठा होता. शाळेतून निवृत्त झालेले, अंगानं वाळलेले, दोन पायऱ्या चढले की छातीवर हात ठेवणारे मास्तर. गठ्ठ्यात सातशे पानं होती. त्यांच्या कोहळी घराण्याची सगळी हकिगत त्यांनी लिहून काढली होती: कोणत्या आजोबानं कुठली बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, खोदलं, कोणती पाळ कोणत्या साली फुटली, कोणती सून भाताच्या रोवणीत बाळंत झाली.

मालक गुणवंतरावांनी गठ्ठा हातात तोलला आणि लटारूकडे टाकला. "पाह्य बापा. किती पानं होतात सांग."

ते सांगायला आधी टाइप ठरवावा लागतो. छापखान्यात मजकुराला चालेल असे दोनच टाइप होते. एक बारा पॉइंटाचा, भरपूर साठ्याचा, पण वर्षानुवर्षं नोटिसांना वापरून झिजलेला. त्याची अक्षरं बारीक, अंगानं चिमटलेली. दुसरा सोळा पॉइंटाचा, गोल, भरदार, लग्नपत्रिकेचा. लटारूनं एक पान मोजलं, बोटांवर हिशेब केला आणि सांगितलं, "बारात घेतलं तं सव्वादोनशे पानं. सोळात घेतलं तं चारशे."

कागद जवळजवळ दुप्पट, छपाई दुप्पट. शिवाय सोळाचे खिळे जेमतेम चार पानांचे. चार पानं जुळवा, छापा, खिळे सोडवून परत खणात टाका, मग पुढची चार. त्यातही त्या टाइपात 'ळ' मोजकेच. लग्नपत्रिकेला 'ळ' लागून लागून किती लागणार? आणि मास्तरांच्या घराण्यात तर तळं, पाळ, कोहळी, वेळ, काळ! लटारू म्हणाला, दोन पानांतच 'ळ' संपून जातील.

गुणवंतरावांनी दोन्हींचा खर्च सांगितला. मास्तरांनी जन्मभराच्या नोकरीतून जे बाजूला टाकलं होतं त्यात बाराचं पुस्तक बसत होतं. सोळाचं बसवायचं तर सातशेतली तीनशे पानं काढून टाकावी लागली असती.

मास्तरांनी बाराचा एक जुना छापील कागद हातात घेऊन पाहिला. "हे तं जंगलवाल्याईची नोटीस होय. माह्या मायचं मरण ह्या अक्षरात? वाटन, तिचाही लिलाव होऊन राह्यला."

"मंग सोळात घ्या आन् कमी लिहा," गुणवंतराव म्हणाले. ते व्यवहाराचे गृहस्थ होते. दुसऱ्याच्या आईचं मरण किती पानांत आटपावं हेही त्यांना ठाऊक असायचं.

गुणवंतराव जेवायला घरी गेले तेव्हा मास्तर खुर्ची ओढून लटारूच्या खिळ्यांच्या खणांजवळ येऊन बसले.

"लटारूभाऊ, खरी गोष्ट तुले सांगतो. हे पुस्तक कोणी वाचो, न वाचो. माह्या बाईनं वाचलं पाह्यजे."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, शकुबाई. तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, आणि आई गेल्यावर तीन वर्षांच्या दादाजीला तिनंच वाढवलं. आता सत्तरीला टेकली होती. गावात बायांचा साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा हातात पाटी घेऊन तीच सगळ्यांच्या पुढं जाऊन बसली होती, ती फक्त भावाचं पुस्तक वाचायला. वर्गातल्या पुस्तकाची अक्षरं बोरांएवढी. तेवढी ती बोट ठेवून वाचायची.

"याच्यात अकरावं प्रकरण हाये," मास्तर म्हणाले. "ते तिच्यावर हाये. मी आठ वर्साचा असताना तिले पाटाचं, दुसऱ्या लग्नाचं मागणं आलं होतं. चांगलं घर, चांगला माणूस. मी तिच्या लुगड्याले धरून तीन दिवस रडलो. तिनं नाई म्हटलं. पन्नास वर्सं झाली. तिचा संसार मी खाल्ला, लटारूभाऊ. हे तिच्या तोंडावर बोलाची माही हिंमत नाई. वाचून दाखवाचीही नाई. तिनं आपलं आपण वाचाचं, मी बाजूले बसून राहीन, मंग ती काय म्हणते ते म्हणो."

लटारूला गलबलून आलं. खिळ्यांची धूळ डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून त्यानं डोळे पुसले. मग त्याला सुचलं ते असं: दोन्ही टाइपांत नमुना जुळवायचा आणि बाईंनाच वाचायला द्यायचा. त्यांना बारा वाचता आला तर प्रश्नच मिटला. बाराच्या ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून ओळी जरा दूर करायच्या. अक्षर तेच राहतं, पण पानाला हवा लागते आणि नोटिशीचा कळकटपणा जातो. दहा-बारा पानं वाढतील, तेवढी मास्तरांच्या पैशात बसत होती.

त्यानं नमुना जुळवला. छापखान्याची रीत अशी, की नमुना म्हणजे पहिलं पान. पत्रिका असो, पावतीपुस्तक असो, नाहीतर पुस्तक असो, आधी पहिलं पान. लटारूनं दुसरा विचारसुद्धा केला नाही.

रविवारी तो स्वतः मोटारीनं सावलीला गेला. शकुबाईंनी त्याला पाटावर बसवलं, पोहे दिले, हात धुवून पदराला पुसले आणि आधी बाराचाच कागद उचलला. मास्तर दाराला टेकून उभे होते. कागदापेक्षा त्यांचा चेहराच पाहण्यासारखा होता.

शकुबाईंनी ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागल्या. 'आमच्या घराण्याचा मूळ पुरुष वैनगंगेच्या पलीकडून आला. त्याच्यासोबत एक बैल, एक कुदळ आणि दोन लेकरं होती.' कुठं अडखळल्या नाहीत. पानाच्या शेवटापर्यंत घडाघडा गेल्या. सोळाचा कागद त्यांनी हातातही घेतला नाही.

"आता काय ते मोठं अक्षर? मी का लहान पोर हावो?" त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की लटारूलाही हसू आलं.

मास्तर रडत होते. एकही पान कापावं लागणार नव्हतं आणि बाई वाचणार होत्या. लटारू परतीच्या मोटारीत बसला तो मनात पुस्तकाची पाठ शिवतच.

काम सुरू झालं. चार-चार पानांचे आवळलेले फर्मे पायानं चालवायच्या ट्रेडल यंत्रावर चढत होते, उतरत होते. पट्ट्यांनी पान खरोखरच मोकळं दिसत होतं. लटारूनं झिजलेले खिळे वेचून वेगळे काढले, तुटक्या अनुस्वारांचे बदलले, समास इतके सारखे ठेवले की गुणवंतराव म्हणाले, "लेकाच्या, पोरीच्या लग्नातही एवढा नटला नव्हता तू." त्याला राग आला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो कामावर लवकर यायचा.

सातवं प्रकरण चालू असताना मास्तर मुद्रितं तपासायला आले. पानं पाहून खूश झाले आणि सहज बोलत बसले.

"छापलेलं हे पयलं पान लिहाले मले वरीस लागलं. लिहाचं, बाईले वाचून दाखवाचं, फाडाचं. शंभरदा वाचलं असन. पुढं पुढं मी चुकलो तं बाईच सांगे, दादाजी, कुदळ राह्यली. दुसऱ्या पानावर मायचं मरण आलं आन् माहा आवाज फुटेना. तवापासून वाचणं बंद केलं. तिले म्हटलं, आता तूच शीक आन् तूच वाच."

मास्तर बोलून गेले आणि पुढची ओळ तपासू लागले. त्यांच्या काही लक्षात आलं नाही. लटारूच्या हातातला खिळा मात्र हातातच राहिला.

बाईंनी तो कागद वाचलाच नव्हता. त्यांना ते पान पाठ होतं. लबाडी नव्हती त्यात. बोट ओळीवर होतं, तोंडात शब्द येत होते, त्यांना स्वतःलाही वाटलं असेल की आपण वाचतो आहोत. चूक लटारूची होती. वाचणाऱ्याची परीक्षा घ्यायची तर त्यानं कधी न ऐकलेला मजकूर द्यावा, एवढी अक्कल बावीस वर्षं अक्षरांत घालवलेल्या माणसाला असायला हवी होती.

आता काय? निम्म्याला येत आलेलं पुस्तक छापून रचून ठेवलं होतं, ते मोडणं शक्य नव्हतं. पण एक वाट होती, आणि ती लटारूला लगेच दिसली, हे मुद्दाम सांगायला हवं. अकरावं प्रकरण अजून जुळवायचं होतं. तेवढंच सोळात घ्यायचं. बारात नऊ पानं होणार, ती सोळात सोळा होतील. दोन फर्मे वाढले असते, बस्स. मास्तरांनी ते आनंदानं सोसलं असतं.

पण मग पुस्तक कसं दिसलं असतं? सगळं बारीक अक्षरात आणि मधेच सोळा पानं लग्नपत्रिकेसारखी. धोतराला लुगड्याचं ठिगळ. जो कोणी पुस्तक उघडेल तो म्हणेल, कोणत्या अडाण्यानं हे जुळवलं? लटारूचं पहिलं पुस्तक, आणि बहुतेक शेवटचं. आणि ठिगळाचं कारण सांगायचं तर आपली चूकही सांगावी लागणार होती, तीही गुणवंतरावांसमोर.

त्यानं मनाची समजूत घातली. बाई अजून वर्गाला जातात, छपाईला अजून चार-पाच महिने आहेत, तोवर नजर बसेल. बारा काही इतका बारीक नाही. माणसाला न करायचं असलं की कारणांना तोटा नसतो. माघात त्यानं अकरावं प्रकरण बारात जुळवलं. जुळवताना शब्दन् शब्द त्याच्या बोटांखालून गेला, आणि तरी त्यानं ते बारातच जुळवलं. मी लटारूला ओळखत होतो. भला माणूस होता. पण त्या नऊ पानांपुरता नव्हता, आणि ते तो स्वतःच सांगायचा.

चैत्रात पुस्तकं बांधून झाली. सुंदर दिसत होती. मास्तर बैलगाडी घेऊन आले आणि दोनशे पुस्तकं घेऊन गेले.

महिन्याभरानं लटारूच्या नावानं कार्ड आलं. आयुष्यात त्याला आलेली कार्डं एका हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी. मास्तरांचं वळणदार अक्षर जरा कापरं झालं होतं. लिहिलं होतं: बाईचं पुस्तक वाचून झालं. मी विचारलं तेव्हा 'वाचलं, छान लिहिलंस,' एवढंच म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली. अकराव्याबद्दल अवाक्षर नाही. मी आठ दिवस वाट पाहिली. तिचं बरोबरच आहे, पन्नास वर्षांचं नुकसान एका प्रकरणानं कसं भरून येणार? तुम्ही मनापासून काम केलंत, आभारी आहे. प्रकृती ठीक नाही.

लटारूनं कार्ड तीनदा वाचलं. काय झालं असेल ते त्याला दिसत होतं, समोर घडल्यासारखं. त्याच दिवशी मोटारीत बसायला हवं होतं. पण वैशाख होता, लग्नसराई. दिवसाला चार-पाच पत्रिका येत होत्या, आणि गुणवंतरावांनी सुट्टीचं नाव काढू दिलं नाही. लटारूनंही दुसऱ्यांदा विचारलं नाही. रविवारी जाऊ म्हणाला. त्या रविवारीही काम निघालं. पुढच्या रविवारी गेला तेव्हा मास्तरांना जाऊन चार दिवस झाले होते.

शकुबाई ओसरीवर बसल्या होत्या. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं, बंद. लटारूला पाहून त्यांनी ते पदराखाली सरकवलं, चोरी पकडली गेल्यासारखं.

"बाई, तुम्हाले हे वाचता आलं नाई न?" लटारूनं एकदम विचारलं. आडवळणं घ्यायची ताकदच त्याच्यात उरली नव्हती.

त्यांनी पुस्तक पदराखालून बाहेर काढलं. "पयलं पान येते मले. दुसऱ्यावर गेली का सारं मुंग्यावाणी होते. माही विद्या गेली, भाऊ. म्हाताऱ्या डोक्यात राह्यली नाई. मी पाटी देऊन टाकली शेजारच्या मुखरूच्या नातीले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दादाजीले कसं सांगणार होती मी? इतकं माह्यासाठी लिहिलं त्यानं. मी म्हटलं, वाचलं. छान हाये म्हटलं. मले शरम वाटली."

लटारूनं सगळं सांगितलं. पाठ असलेल्या पानाचं, टाइपाचं, ठिगळाच्या लाजेचं. विद्या गेली नाही, अक्षर चुकलं, आणि ते मी चुकवलं, असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, आणि तेच त्याला सोसेना.

"ह्याच्यात तुमच्यासाठी एक प्रकरण हाये. मी आता वाचून दाखवू?"

"नको. तूच वाच म्हटलं होतं त्यानं मले."

तिसऱ्या दिवसापासून लटारूनं अकरावं प्रकरण सोळात जुळवायला घेतलं. गुणवंतरावांनी विचारलं, त्यानं खरं कारण सांगितलं. ते आत गेले आणि लग्नपत्रिकांचा उरलेला जाड कागद घेऊन आले. 'ळ' पुरत नव्हते म्हणून तो दोनच पानं जुळवायचा, एक प्रत काढायचा, खिळे सोडवायचा, परत दोन. एका प्रतीसाठी असं कोणी करत नाही. सोळा पानं झाली. त्यानं ती दोऱ्यानं शिवली.

ज्येष्ठात तो परत सावलीला गेला. शकुबाईंनी चाळीशी नसलेल्या डोळ्यांसमोर पहिलं पान धरलं. अक्षर लागत होतं. एकेक काना, एकेक मात्रा बोटानं चाचपत त्या पुढं जाऊ लागल्या. एका ओळीला इतका वेळ लागायचा, की मधेच चूल विझायला आली. लटारू मान खाली घालून बसला होता. तो मजकूर त्याला आता पाठ होता, आणि बाई कुठं पोचल्या हे त्याला त्यांच्या आवाजावरून न पाहता कळत होतं. पाटाचं मागणं. लुगडं धरून रडणं. 'बाईचा संसार मी मोडला. तिनं मला क्षमा करावी असं मागायचाही मला अधिकार नाही.'

तिथं बोट थांबलं.

"हे असं लिहिलं त्यानं?" त्या म्हणाल्या. "हे मनात घेऊन बसला होता?"

"हो, बाई."

"अरे, तो माणूस मलेच नव्हता पसंत. दारू पेऊन माराचा आपल्या पयल्या बायकोले, साऱ्या गावाले मालूम होतं. मी त्याच दिवशी नाई म्हटलं होतं. दादाजी रडला तो मंग रडला, तीन दिवस. मी त्याले काही बोलली नाई, लेकराले काय सांगाचं असं? मले वाटलं, विसरला असन."

त्यांनी कागद खाली ठेवला. डोळे कोरडेच होते.

"मी वाचलं म्हटलं त्याले. वाचलं, छान हाये म्हटलं. तो काय समजला असन, भाऊ?"

लटारूच्या खिशात ते कार्ड होतं. मास्तरांनी काय समज करून घेतला ते त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्यानं ते बाहेर काढलं नाही. नुसता खिशावर हात ठेवला, आणि शकुबाईंना काय ते कळलं.

"ह्याच्या खाली छापता येते का?" त्यांनी विचारलं. "'शकूनं आपल्या मनानं नाई म्हटलं होतं.' एवढंच. तिथंच, त्याच्या खाली."

"येते," लटारू म्हणाला. "पण ते पुस्तकं तं वाटून झाले, बाई."

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "तरी छाप."

त्यानं छापलं. सोळात, एक ओळ, एक प्रत.